लंबकावरून g काढताना ± चा आकडा दरवेळी का फसतो?

साध्या लंबकाचा प्रयोग अकरावीपासून बीएस्सीपर्यंत सगळेच करतात, आणि जर्नलच्या शेवटच्या ओळीत दोनपैकी एक उत्तर हमखास सापडतं. पहिलं उत्तर असं: g = ९.६०५ ± ०.००७ मी/से². दुसरं असं: g = ९.७८ ± ०.९७ मी/से². पहिल्यात त्रुटी इतकी छोटी दाखवलेली असते की खरं मूल्य त्या पट्ट्याच्या पार बाहेर पडतं. दुसऱ्यात मूल्य चोख असतं, पण त्रुटी इतकी मोठी की या प्रयोगातून चंद्र आणि पृथ्वी यांतला फरक तेवढा कळला असं म्हणावं लागेल. गंमत म्हणजे ही दोन्ही उत्तरं एकाच टेबलावरच्या, एकाच लंबकाच्या वाचनांमधून निघू शकतात. वाचनं सारखी आणि उत्तरं अशी, म्हणजे घोळ लंबकात नाही, हिशोबात आहे. निदान पहिल्या टप्प्यावर तरी.

आधी तुलना कशाशी करायची ते नक्की करू. बहुतेक जण डोळे मिटून ९.८१ शी तुलना करतात. ९.८१ हे लंडन-पॅरिसच्या अक्षांशांवरचं मूल्य आहे. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला g सुमारे ९.७८० असतो आणि ध्रुवांकडे जाताना वाढतो. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर, मुंबईत काय किंवा पुण्यात काय, तो ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान येतो. १६७२ साली झां रिशे पॅरिसमध्ये लावलेलं लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, तेव्हा ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तोच हा फरक. ९.८१ आणि ९.७८ यांत ०.३ टक्क्यांचं अंतर आहे, आणि नीट केलेल्या प्रयोगाची अनिश्चितताही साधारण तेवढीच निघते. त्यामुळे ९.८१ शी तुलना केलीत तर चांगलं उत्तर उगाच वाईट दिसेल. खाली सगळीकडे मी ९.७८ धरतो.

एक लंबक, पाच वाचनं

दोऱ्याला पितळी गोळा बांधलाय, वरचं टोक दुभंगलेल्या बुचात घट्ट धरलंय. बुचाच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या हुकापर्यंत दोरा ९८.२ सेंमी. हुक ०.६ सेंमी. व्हर्नियरने गोळ्याचा व्यास २.४० सेंमी, म्हणजे त्रिज्या १.२० सेंमी. २० दोलनांना लागलेला वेळ पाच वेळा घेतला:

```
t (s): 40.12  40.31  40.08  40.25  40.14
```

सरासरी ४०.१८ सेकंद, म्हणून T = २.००९ सेकंद. सूत्र सगळ्यांना पाठ आहे:

```
g = 4π² L / T²
```

आता वर दिलेलं दुसरं उत्तर, ± ०.९७ वालं, कसं आलं ते पाहा. विद्यार्थी प्रामाणिकपणे म्हणतो, "सर, माझ्या बोटाचा ०.१ सेकंदाचा फरक पडतो." बरोबर आहे. मग तो δT = ०.१ लिहितो, २.००९ ने भागतो, ५ टक्के मिळतात, T चा वर्ग म्हणून दुप्पट करतो, १० टक्के. चूक एकाच ठिकाणी झाली. तो ०.१ सेकंद २० दोलनांच्या पूर्ण वेळावर आहे, एका दोलनावर नाही. बटण एकदा सुरू करताना दाबलं, एकदा थांबवताना. मधली अठरा-एकोणीस दोलनं बोटाला माहीतही नाहीत. T = t/20 असेल तर δT सुद्धा δt/20 च. ०.१ चे ०.००५ झाले की १० टक्क्यांचा अर्धा टक्का होतो. २० दोलनं मोजायचा खटाटोप करतात तोच मुळी यासाठी. तरी भागाकार करताना अनिश्चितता तशीच मागे राहते, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं दुखणं आहे.

पहिल्या उत्तरातलं ± ०.००७ उलट्या बाजूने आलंय. तिथे विद्यार्थ्याने स्टॉपवॉचचं लघुतम माप ०.०१ सेकंद घेतलं, मीटरपट्टीच्या लघुतम मापाचं निम्मं म्हणजे ०.०५ सेंमी घेतलं, आणि हिशोब पुरा केला. पण वरची पाच वाचनं परत पाहा. ४०.०८ पासून ४०.३१ पर्यंत पसरली आहेत. उपकरण शेकडाव्या भागापर्यंत आकडे दाखवतं म्हणून तुमचं बोट तितकं अचूक होत नाही. पडद्यावरचे शेवटचे दोन आकडे घड्याळाचे आहेत, पसारा तुमचा आहे, आणि अनिश्चितता त्या पसाऱ्यातून काढायची असते.

कशी काढायची ते एकदा आकड्यांनिशी करून दाखवतो. सरासरीपासूनची अंतरं −०.०६, +०.१३, −०.१०, +०.०७, −०.०४. त्यांच्या वर्गांची बेरीज ०.०३७०. तिला ४ ने भागायचं (५ ने नाही, कारण सरासरी याच वाचनांमधून काढली आहे) आणि वर्गमूळ घ्यायचं: ०.०९६ सेकंद. ही एका वाचनाची अनिश्चितता. बोटाच्या ०.१ सेकंदाशी ती किती छान जुळते ते बघा. सरासरी मात्र पाच वाचनांची आहे, म्हणून √५ ने भागा: ०.०४३ सेकंद. तेव्हा t = ४०.१८ ± ०.०४ सेकंद आणि δT = ०.००२ सेकंद. टक्केवारीत ०.१०७.

लांबीचंही तसंच. मीटरपट्टीचं एक टोक बुचाशी, दुसरं हुकाशी, दोन्हीकडे नजरेचा अंदाज. ०.०५ सेंमी म्हणणं जरा धाडसाचं आहे, ०.१ सेंमी धरा. हुकाची उंची ०.०५ सेंमीपर्यंत, त्रिज्या व्हर्नियरमुळे ०.००५ सेंमीपर्यंत. यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ०.११ सेंमी. त्रिज्येचा वाटा त्यात दिसतसुद्धा नाही. तरीही जर्नलमध्ये व्हर्नियरची तीन वाचनं, शून्य-त्रुटी, सगळं साग्रसंगीत असतं, आणि बुचाजवळ पट्टी नक्की कुठे धरली याबद्दल एक शब्द नसतो.

सूत्रातून त्रुटी पुढे नेताना

g च्या सूत्राचा लॉगॅरिथम घेतला की L चा घातांक १ आणि T चा −२ असा समोर येतो. म्हणून L मधली टक्केवारी जशीच्या तशी g मध्ये जाते आणि T मधली दुप्पट होऊन जाते. वजाचं चिन्ह वर्ग करताना जातं:

```
(δg/g)² = (δL/L)² + (2·δT/T)²
```

इथे एक प्रश्न दरवर्षी येतो: अकरावीत तर सरळ बेरीज शिकवली होती, हे वर्ग कुठून आले? दोन्ही बरोबर आहेत, पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. सरळ बेरीज सांगते की सगळ्याच चुका एकाच वेळी, एकाच दिशेने, पुऱ्या ताकदीने झाल्या तर जास्तीत जास्त किती बिघडेल. आपल्या उदाहरणात ०.११ अधिक ०.२१, म्हणजे ०.३२ टक्के. पण पट्टी लावताना झालेल्या चुकीला स्टॉपवॉचवरच्या चुकीची खबर नसते. दोन्ही स्वतंत्र असतील तर कधी एकमेकींना खोडतात, कधी भर घालतात, आणि सरासरीत त्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारख्या जोडल्या जातात. कर्ण ०.२४ टक्के. तुमच्या विद्यापीठाच्या पुस्तिकेत जी रीत दिली असेल ती वापरा, पण कुठली वापरली ते लिहा. आणि सरळ बेरीज करायची असेल तर तिच्यात कमाल त्रुटी घाला. प्रमाणित विचलन काढायचं आणि मग सरळ बेरजेत टाकायचं, ही खिचडी नको.

आता उत्तर. L = ९८.२ + ०.६ + १.२ = १००.० सेंमी. g = ९.७८१, त्याचे ०.२४ टक्के म्हणजे ०.०२३. लिहायचं असं: g = ९.७८ ± ०.०२ मी/से².

सूत्रावर भरवसा नसेल तर ते बाजूला ठेवा आणि कॅल्क्युलेटर घ्या. T च्या जागी २.००९ ऐवजी २.०११ घाला. g येतो ९.७६२, म्हणजे ०.०२ ने खाली. T परत जागेवर आणा, L १००.११ सेंमी करा. g येतो ९.७९२, ०.०१ ने वर. हे दोन हिसके वर्ग-बेरीज-वर्गमूळ करून जोडले की तेच ०.०२ च्या आसपास येतं. परीक्षेत डेरिव्हेटिव्ह विसरलात तरी हे करता येतं. शिवाय दुप्पट करायचं विसरलात का, टक्के आणि सेंटिमीटर यांची सरमिसळ झाली का, ते लगेच उघडं पडतं.

याच हिसक्यांवरून कळतं की वेळाचा वाटा लांबीच्या दुप्पट आहे. तेव्हा अजून चांगलं उत्तर हवं असेल तर नवी, बारीक पट्टी आणून उपयोग नाही, वेळ सुधारायला हवा. तिथे दोन रस्ते आहेत आणि दोघांचा भाव वेगळा आहे. वाचनं वाढवली तर अनिश्चितता √N ने कमी होते. एका वाचनातली दोलनं वाढवली तर ती थेट n ने कमी होते. २० दोलनांची पाच वाचनं आणि १०० दोलनांचं एक वाचन, दोन्हीला टेबलापाशी सारखाच वेळ जातो, सुमारे २०० सेकंद. पहिल्यात δT सुमारे ०.००२ सेकंद, दुसऱ्यात ०.००१. म्हणजे निम्म्याहून कमी. पण एकाच वाचनातून पसारा कळत नाही, आणि शंभरापर्यंत मोजताना कोणीतरी हाक मारतंच. मी ५० दोलनांची तीन वाचनं घ्यायला सांगतो. वेळाचा वाटा ०.११ टक्क्यांवर येतो, लांबीच्या बरोबरीला. त्यापुढे दोलनं वाढवण्यात अर्थ नाही, कारण मग लांबी आडवी येते.

वाचन सुरू कुठे करायचं हेही यातच येतं. गोळा टोकाला पोचला की बटण दाबायचं, असं बरेच जण करतात, कारण तिथे तो थांबलेला दिसतो. नेमकं त्याचमुळे ते ठिकाण वाईट. एक मीटरचा लंबक ५ अंशांनी सोडला तर टोकापासूनच्या पहिल्या ०.१ सेकंदात गोळा जेमतेम ४ मिलिमीटर सरकतो. डोळ्याला "आत्ता" कधी ते ठरवताच येत नाही. मधल्या बिंदूवरून मात्र तेवढ्याच वेळात तो पावणेतीन सेंटिमीटर पार करतो. मागे भिंतीवर खडूची उभी रेघ मारा आणि दोरा रेघेवरून एकाच दिशेने जाताना बटण दाबा. सुरुवातीला आणि शेवटाला दोन्ही वेळा रेघ बघूनच दाबलं तर बोटाचा नेहमीचा उशीर दोन्हीकडे जवळपास सारखा राहतो आणि वजाबाकीत निघून जातो. मागे उरतो तो फक्त पसारा. गोळा सोडतानाच घड्याळ सुरू करणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही.

± बरोबर, तरी उत्तर बाहेर

आता ९.६०५ कडे परत. त्याची त्रुटी आपण नीट केली, ०.००७ च्या जागी ०.०२ धरली, तरी ९.७८ पासूनचं अंतर १७ शतांश आहे, अनिश्चिततेच्या सात-आठ पट. एवढा फरक योगायोगाने पडत नाही. इथे त्रुटीचं सूत्र काहीच मदत करत नाही. ते फक्त पसाऱ्याबद्दल बोलतं. सगळी वाचनं एकाच बाजूला ढकलणारी चूक त्याला दिसत नाही, मग तुम्ही पाच वाचनं घ्या की पन्नास. वाचनं वाढवली तर पट्टा अरुंद होईल आणि खरं मूल्य आणखीच बाहेर पडेल.

पण अशा चुका आपला ठसा सोडून जातात, आणि तो ओळखायला एकच युक्ती पुरते: लांबी बदला आणि g बदलतो का पाहा.

वरच्या उत्तरात विद्यार्थ्याने L = ९८.२ सेंमी घातलं, फक्त दोरा. हुक आणि त्रिज्या मिळून १.८ सेंमी राहिले. एक मीटरला हे १.८ टक्के. पण खरी लांबी ५० सेंमी असताना तेच १.८ सेंमी ३.६ टक्के होतात आणि g ९.४३ वर घसरतो. दोरा आखूड होत जाईल तसा g कमी होत गेला तर लांबीत काहीतरी कायमचं राहून गेलंय. g उलट वाढत गेला तर कायमचं काहीतरी जास्त धरलंय. त्रिज्येऐवजी आख्खा व्यास मिळवला की असं होतं.

मोजणीची चूक वेगळी दिसते. गोळा रेघेवरून गेला, घड्याळ सुरू झालं आणि तोंडून "एक" निघालं, की "वीस" म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं झालेली असतात. g मग (२०/१९)² पट होतो, म्हणजे १०.८. एक दोलन जास्त झालं तर ८.९. हा आकडा लांबी बदलली तरी हलत नाही, सगळ्या लांब्यांना १०.८ च येतो. तो हलतो दोलनांची संख्या बदलल्यावर: ५० दोलनं घेतलीत तर १०.२ च्या आसपास उतरतो. सुरू करताना "शून्य" म्हणा. किंवा उलटं मोजत या: तीन, दोन, एक, शून्य, आणि शून्याला बटण. जर्नलमध्ये १०.८ किंवा ८.९ दिसला की मी पुढचं गणित न तपासता आधी मोजायला लावतो.

तिसरी चूक आयामाची. सूत्र लहान कोनासाठी आहे, आणि कोन वाढला की दोलनकाल थोडा वाढतो, म्हणून g कमी येतो. ५ अंशांना g मधला फरक ०.१ टक्का, आपल्या अनिश्चिततेच्या आत. १० अंशांना जवळपास ०.४ टक्के, म्हणजे बाहेर. २० अंशांना दीड टक्का, मग g ९.६३ च्या आसपास येतो आणि हुक विसरल्याचा भास होतो. फरक असा की कोन तोच ठेवला तर ही चूक लांबीप्रमाणे बदलत नाही. एक मीटरच्या दोऱ्याला ५ अंश म्हणजे बाजूला पावणेनऊ सेंटिमीटर. पट्टीने मोजून सोडा, अंदाजाने नको.

स्टँड डुलत असेल तर g असाच किंचित खाली येतो. स्टँडचा पाय सी-क्लॅम्पने आवळा किंवा त्यावर वजन ठेवा, फरक पडला तर कळेलच. दोरा मोजायचा तो गोळा लटकवल्यावर, टेबलावर पसरून नाही. हवेचा परिणाम आणि गोळ्याचा आकार यांची चिंता एक मीटरला करू नका. आपल्या ०.२४ टक्क्यांपुढे ते किरकोळ आहेत.

आलेख काढत असाल तर

T² विरुद्ध L चा आलेख काढायला सांगतात तो याच रोगावरचा उपाय आहे, पण त्याला शून्यातून जायला भाग पाडलं तर उपायच निकामी होतो. समजा ४८.२ ते ९८.२ सेंमीपर्यंत दर १० सेंमीला वाचनं घेतली आणि दरवेळी १.८ सेंमी विसरले. सगळे बिंदू सुरेख सरळ रेषेत येतात. रेषा शून्यातून ओढली तर चढावरून g = ९.५६ मिळतो. मोकळी सोडली तर चढ बरोबर येतो, g = ९.७८, आणि रेषा T² च्या अक्षाला ०.०७३ से² वर छेदते. त्या आकड्याला चढाने (४.०३६ से²/मी) भागा: १.८ सेंमी. विसरलेला हुक आणि त्रिज्या आलेखाने स्वतःहून परत दिली.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये L मीटरमध्ये A स्तंभात, T² B स्तंभात ठेवून:

```
=LINEST(B2:B7, A2:A7, TRUE, TRUE)
```

पहिल्या ओळीत चढ आणि छेद येतात, दुसऱ्या ओळीत त्यांच्या अनिश्चितता. तिसरा घटक TRUE हवाच, FALSE केला की रेषा शून्यातून जाते. g = 4π²/चढ, आणि इथे घातांक −१ असल्याने चढातली टक्केवारी जशीच्या तशी g मध्ये येते. दुप्पट करायचं नाही, कारण T चा वर्ग आधीच करून झालाय. छेद आपल्या अनिश्चिततेच्या दोन पटींहून मोठा निघाला तर लांबीचं मापन परत तपासा, आणि मीटरपट्टीचं शून्याचं टोक झिजलंय का ते बघून १० सेंमीच्या खुणेपासून मोजा. छेद शून्याजवळ आहे आणि तरी g हटून ९.६ वरच बसलाय, तर कोन आणि स्टँड बघा. आणि १०.८ असेल तर "एक" म्हणून सुरुवात कोणी केली ते जोडीदाराला विचारा.